दोन्ही अक्षांवर शून्य

निकालाचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारच्या एस.टी.ने यायचं. पोरं सकाळपासून स्टँडवर येऊन बसायची. उन्हाळा सरता सरत नव्हता, पंखा असलेलं एकच हॉटेल होतं आणि तिथे चहा घेतल्याशिवाय बसू देत नसत. मीही तिथे होतो. मास्तरांनी निकालाला स्टँडवर यायचं नसतं, असं आमचे प्राचार्य म्हणत. पण खोलीवर पत्रे तापलेले, आणि खरं सांगायचं तर मलाही पोरांइतकीच धाकधूक असायची. माझी नोकरी कच्ची होती.

गठ्ठा उतरला, दोरी तुटली, पानं फाटली. बी.एस्सी. भाग दोनच्या गणितवाल्यांचे नंबर कोणालाच सापडेनात. एक जण खालपासून वर वाचत गेला, एक जण वरून खाली. शेवटी कोपऱ्यातली बारीक अक्षरातली ओळ दिसली, की खालील क्रमांकांचे निकाल राखून ठेवले आहेत. आमच्या सेंटरचे सगळेच्या सगळे नंबर त्या ओळीत होते. पास नाही, नापास नाही. नापास झाला असता तर निदान रडता तरी आलं असतं.

तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडत होता आणि विद्यापीठ नागपूरला. कॉलेज तालुक्याच्या गावात, मंगरूळला, नवीनच. शाखा सायन्सची, इमारत धान्याच्या गोदामाची. गणिताला आम्ही दोघेच. मी बीजगणित आणि भूमिती शिकवायचो, कॅल्क्युलस सरांकडे. सर म्हणजे माझेही सर. कॉलेजात येण्याआधी त्यांनी मला शाळेत शिकवलं, नागपूरला एम.एस्सी.ला जा म्हणून आमच्या घरी येऊन माझ्या बापाला सांगितलं. आमचं दोघांचंही गाव इंझोरी, आणि आमच्या वस्तीत चहा घेणाऱ्या तिथल्या पहिल्या पाटलांपैकी ते एक. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, पण गावाने आमच्या हातचा चहा घ्यायला बरीच वर्षं लावली. सरांनी लावली नव्हती. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला वेडंवाकडं बोलवत नाही. पण राग आला होता हे लपवणारही नाही.

विद्यापीठाचं पत्र दोन दिवसांनी आलं. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. पेपर तपासणाऱ्याला असं आढळलं होतं, की एका प्रश्नाच्या उत्तरात आमच्या सेंटरच्या सर्व विद्यार्थ्यांनी एकच चूक केली आहे, आणि तीही एकाच वाक्यात, स्वल्पविरामासकट. सामूहिक नकलेचा संशय. चौकशी समिती येईल. नक्कल सिद्ध झाली तर वर्ष रद्द.

"हे वाक्य पाहा," प्राचार्य म्हणाले. ते वाणिज्य शाखेचे. त्यांना वाक्यातलं काही कळत नव्हतं, पण ते सगळ्यांनी सारखं लिहिलं हे कळत होतं.

वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत ते असं होईल: 'मूळबिंदूपाशी दोन्ही आंशिक विकलजे अस्तित्वात असल्यामुळे, फलन तेथे अर्थातच सलग आहे, आणि याबद्दल शंका घेण्यास जागा नाही.' मी ते दोनदा वाचलं. शंका घेण्यास जागा नाही, असं कोणताही विद्यार्थी आपल्या मनाने लिहीत नाही. विद्यार्थ्याला शंकाच शंका असतात. हे वाक्य मी ओळखलं, जसा घरच्या माणसाचा खोकला ओळखू येतो.

आता ते वाक्य चूक का, हे सांगायला हवं. आयुष्यभर हेच सांगत आलो, अजून एकदा सांगतो. एक फलन घ्या, ज्यात दोन आकडे घालायचे, x आणि y, आणि एक आकडा बाहेर येतो. परीक्षेतलं फलन होतं xy भागिले x²+y². मूळबिंदूवर, म्हणजे जिथे x आणि y दोन्ही शून्य, तिथे भागाकार करता येत नाही, म्हणून तिथली किंमत शून्य असं वेगळं सांगून दिलं होतं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वाक्यातलं आंशिक विकलज, काढायचं म्हणजे मूळबिंदूवर उभं राहायचं आणि फक्त x-अक्षावरून चालत फलन कसं चढतं-उतरतं ते पाहायचं, मग फक्त y-अक्षावरून. अक्षावर दोनपैकी एक आकडा शून्य असतो, म्हणून xy शून्य, म्हणून फलन शून्य. दोन्ही अक्षांवर सगळीकडे शून्यच. चढ नाही, उतार नाही. दोन्ही पार्शल शून्य. इथपर्यंत सगळ्या पोरांचं बरोबर होतं.

पण फलन सलग आहे का, म्हणजे कंटिन्युअस आहे का, हा प्रश्न अक्षांपुरता नसतो. मूळबिंदूकडे कुठूनही या, तिरपे या, वळसे घेत या, फलनाची किंमत तिथल्या किमतीच्या जवळ जवळ गेली पाहिजे. y बरोबर x घ्या, म्हणजे बरोबर मधल्या तिरप्या रेषेवरून चला. वर x², खाली 2x². उत्तर अर्धा. मूळबिंदूच्या कितीही जवळ जा, अर्धा म्हणजे अर्धाच. आणि मूळबिंदूवर शून्य. फलन तिथे तुटलेलं आहे. पार्शल दोन्ही आहेत, आणि फलन सलग नाही.

एका आकड्याच्या फलनात असं होत नाही. तिथे डेरिव्हेटिव्ह असलं की फलन सलग असतंच. सरांची पिढी तेच शिकली होती आणि तेच शिकवत आली होती. मधेच विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला, दोन आकड्यांची फलनं भाग दोनमध्ये आणली. पुस्तक आमच्यापर्यंत आलंच नाही. सरांनी आपल्या मनाने एकाचं दोनावर नेलं.

संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी पोरं जमली होती. पुढे आसेगावचा पोरगा. तो वर्गात पहिला असे. आईबाप दोघंही मजुरीला जायचे, हा समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायचा. वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाणार, फीमाफी जाणार, आणि पोरगं लोकांच्या शेतात निंदणाला जाणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"सर, आमी नक्कल नाई केली," तो म्हणाला. "एकमेकाच्या तोंडाकडं बी पाह्यलं नाई."

"मग सगळ्यांचं सारखं कसं?"

"पाठ होतं न सर."

हे मला माहीत होतंच. सरांची पद्धत अशी, की वर्गात येऊन ते डोळे अर्धे मिटत आणि सावकाश सांगत. प्रत्येक वाक्य दोनदा. पोरांचं लिहून झालं की मग पुढचं. पुस्तक नसलेल्या गावात ती वाक्यं हेच पुस्तक. घरी जाऊन पोरं ते वाक्य पाठ करत, कारण इंग्रजीत स्वतःचं वाक्य बनवायची त्यांना भीती वाटायची. व्याकरण चुकलं तर मार्क जातील, सरांचं वाक्य कसं चुकेल?

मी दुसऱ्या दिवशी इंझोरीला गेलो. मानोऱ्याकडची गाडी भरलेली, उभ्याने गेलो. सर अंगणात खाटेवर बसले होते. सुट्टीत ते शेतावर असत, पण त्या दिवशी घरीच होते. त्यांना निकालाचं कळलं होतं, पण त्यामागचं कारण कळलं नव्हतं.

मी सांगायला लागलो आणि मला जमेना. ज्याने बोट धरून बेरीज शिकवली, त्याला त्याची चूक कशी सांगायची? शेवटी सुपारी फोडायच्या दगडाजवळचा खडू उचलला आणि फरशीवर फलन लिहिलं.

"मले म्हाईत हाय हे," सर म्हणाले. "दोन्ही पार्शल शून्य. मंग कंटिन्युअस."

"काहून सर?"

"काहून म्हणजे? हे पाह्य." त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला. f(h, 0) वजा f(0, 0), याला h ने भागा, आणि त्यालाच h ने गुणा. भागाकार डेरिव्हेटिव्हकडे जातो, h शून्याकडे जातो, गुणाकार शून्याकडे. "म्हणजे f(h, 0) हे f(0, 0) कडं चाललं. झालं न सलग?"

"x-अक्षावर झालं सर."

"y-अक्षावर बी तसंच."

"बांधावरून आले तं दोन्ही बाजूनं शून्य. अन् वावरातून तिरपे आले तं?"

मी y बरोबर x लिहिलं नाही. त्यांना लिहू दिलं. त्यांनी लिहिलं, x² काटलं, अर्धा आला. पुन्हा काटलं, पुन्हा अर्धा. मग y बरोबर 2x घेऊन पाहिलं. वर 2x², खाली 5x². दोन पंचमांश. प्रत्येक रेषेवर वेगळा आकडा. घरातून कोणीतरी चहा आणून ठेवला, तो निवला.

"तू मले शिकवून राह्यला काय रे?" ते एकदम म्हणाले. आवाज चढला होता. पाणी शेंदायच्या जागी एक बाई भांडी घासत होती, तिने हात थांबवला.

मग आवाज आपोआप उतरला. "नवीन कोर्सचं पुस्तक मांगतलं होतं मी. दोन येळ. थे आलंच नाई."

"मला माहीत आहे सर."

"अन् उलटं? थे तरी खरं हाय का? कंटिन्युअस असलं तं पार्शल असतेच का?"

मला नाही म्हणावं लागलं. x²+y² चं वर्गमूळ घ्या. मूळबिंदूपासूनचं अंतरच ते. कुठूनही जवळ या, अंतर शून्याकडे जातं, म्हणजे फलन सलग. पण x-अक्षावर ते होतं |x|. त्याला x ने भागलं तर उजवीकडून एक आणि डावीकडून उणे एक. चढ एक ठरत नाही. पार्शलच नाही.

"म्हणजे एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाई," सर म्हणाले.

"नुसतं त्या एका बिंदूवर पाहिलं तर नाही. आजूबाजूलाही पार्शल असले आणि ते बेफाम वाढत नसले, तर मग सलग असतं."

"हे आता सांगून राह्यला तू." त्यांनी धोतराच्या सोग्याने हात पुसले, फरशी मात्र पुसली नाही. चौकशी समितीचं मी सांगितलं. पोरांनी नक्कल केली नाही, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं, एवढं कोणी सांगितलं तर वर्ष वाचेल. त्या अर्ध्या प्रश्नाचे मार्क जातील, ते गेले तरी चालतील. कोणी सांगायचं, हे मी बोललो नाही.

"जाय आता," सर म्हणाले. "गाडी चुकन तुही."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली आणि मी मंगरूळपर्यंत झोपलो. इतका दमलो होतो की उतरायच्या वेळी कंडक्टरने हलवून उठवलं.

समिती आली त्या सकाळी प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. सरांचं नाव मध्ये आणू नका, म्हणाले. कॉलेजची मान्यता कच्ची आहे. प्राध्यापकालाच विषय येत नाही असं कागदावर गेलं तर कॉलेज बंद पडेल. पोरांनी गाईडवरून पाठ केलं, असं सांगू.

"कोणत्या गाईडवरून?" मी विचारलं. "ते गाईड आणा म्हणतील."

प्राचार्यांनी घाम पुसला. ते वाईट नव्हते. त्यांनी वर्गणी गोळा करून कॉलेज उभं केलं होतं आणि दाही दिशांना हात पसरले होते.

समितीत विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत लिहून घेणारे एक अधिकारी. प्राध्यापक माझ्याहून थोडेच मोठे, रात्रीच्या प्रवासाने डोळे लाल झालेले. त्यांना आमच्याबद्दल आकस नव्हता, घरी जायची घाई होती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेबल मांडलं, मागे फळा. पोरं व्हरांड्यात रांगेत, आम्ही मास्तर भिंतीशी खुर्च्यांवर. सरांची खुर्ची रिकामी होती. मी दाराकडे बघत होतो आणि बघतोय हे लोकांना कळू नये म्हणून चष्मा पुसत होतो.

एका पोराने वर्गातली वही पुढे केली. प्राध्यापकांनी उघडलीसुद्धा नाही. "वह्या परीक्षेनंतरही लिहिता येतात," ते म्हणाले. त्यात चूक काही नव्हतं.

मग त्यांनी आसेगावच्याला आत बोलावलं. परीक्षेतलं फलन नको, म्हणाले, नवीन देतो. त्यांनी फळ्यावर लिहिलं: दोन्ही अक्षांवर किंमत शून्य, बाकी सगळीकडे एक. मूळबिंदूवर काय होतं ते सांग.

पोराने हिशोब नीट केला. अक्षावर सगळीकडे शून्य, म्हणून दोन्ही पार्शल शून्य. खडू खाली ठेवला. मग मान थोडी वर करून, डोळे अर्धे मिटून, त्याने ते वाक्य म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामाला थांबून. सरांचा सूरही त्यात आला होता.

प्राध्यापक खुर्चीत सरळ बसले. "हे कोणी शिकवलं?"

पोराने हाताला लागलेला खडू पुसला.

"अरे, घाबरू नको. हे वाक्य तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाई सर. मलेच समजलं."

"तुलाच समजलं? शब्दन्‌शब्द?"

"हाव सर."

दुसरा आला. मलेच समजलं. तिसरा आला. मलेच समजलं. एकाने सांगितलं, स्वप्नात आलं, तेव्हा लिहून घेणारे अधिकारीही हसले. मी मात्र हसू शकलो नाही. पोरांनी व्हरांड्यात काही ठरवलं नव्हतं. मला वाटतं, ठरवायची गरजच नव्हती. ज्या माणसाने आपल्याला कॉलेजात आणलं, फी भरायला पैसे नसताना वसतिगृहाच्या वॉर्डनकडे स्वतः जाऊन बसला, त्याचं नाव परक्या माणसासमोर चुकीसाठी घ्यायचं नसतं, हे ते घरूनच शिकून आले होते. आणि त्या शहाणपणाने ते स्वतःच्या गळ्याला फास लावत होते. प्रत्येकाला स्वतंत्रपणे एकच चुकीचं वाक्य सुचलं, हे कोण मानणार?

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. "असं असेल तर मला दुसरा निष्कर्ष काढता येत नाही," ते प्राचार्यांना म्हणाले. खरंच हळहळून म्हणाले.

मी उठलो. काय बोलणार होतो मला अजून ठाऊक नाही. सरांचं नाव माझ्याही तोंडात येत नव्हतं. तेवढ्यात दारात सर दिसले. धुतलेला सदरा, वर काळा कोट, त्या उन्हात. गाडी नादुरुस्त झाली म्हणून ते अर्ध्या वाटेवरून ट्रकने आले होते, हे मागून कळलं. त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. थेट फळ्यापाशी गेले, प्राध्यापकांकडे वळले आणि म्हणाले, "लिहा."

प्राध्यापक गोंधळले. पण सरांच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्यांनी खरोखरच टोपण काढलं.

सर डोळे अर्धे मिटून सांगू लागले. व्याख्येपासून सुरुवात केली. पार्शल डेरिव्हेटिव्ह कशाला म्हणतात, उदाहरण, हिशोब, प्रत्येक वाक्य दोनदा. कागद हातात नव्हता. शेवटी ते वाक्य आलं. मूळबिंदूपाशी दोन्ही आंशिक विकलजे अस्तित्वात असल्यामुळे, स्वल्पविराम, फलन तेथे अर्थातच सलग आहे, स्वल्पविराम, आणि याबद्दल शंका घेण्यास जागा नाही. पूर्णविराम. दोनदा.

अधिकाऱ्यांनी उत्तरपत्रिका काढून समोर धरली. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. नंतर त्यांनी त्याच्या आधीची वाक्यंही ताडून पाहिली. तीही तशीच. प्राध्यापकांनी सरांकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली केली.

"हे मी शिकवलं," सर म्हणाले. आता प्रमाण मराठीत बोलत होते, साहेबांसमोर बोलतात तसं. "हे चूक आहे. का चूक आहे ते मी दाखवतो." त्यांनी फळ्यावर तिरपी रेषा काढली. प्राध्यापकांचं फलनच घेतलं. या रेषेवर मूळबिंदू सोडून सगळीकडे एक. मूळबिंदूवर शून्य. "मी फक्त दोन अक्षांवरून आलो. मुलं माझ्यामागून आली. त्यांनी एकमेकांचं बघितलं नाही, माझं बघितलं." एवढं बोलून त्यांनी डस्टरने फळा पुसला आणि भिंतीशी आपल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले. माझ्या शेजारीच.

व्हरांड्यातल्या पोरांनी सगळं ऐकलं होतं. खिडकीला काच नव्हती.

नक्कल झाली नाही, असा अहवाल गेला. निकाल लागले. काही नापास झाले, ते झालेच असते. आसेगावचा पहिल्या वर्गात आला. कॅल्क्युलसचा पेपर यापुढे दुसऱ्या अध्यापकाकडे द्यावा, अशी अहवालात एक ओळ होती. दुसरा अध्यापक म्हणजे मीच. प्राचार्यांनी ती ओळ मला दाखवली आणि सरांना सांगायचं कामही माझ्यावरच टाकलं. मला तोपर्यंत त्या गावाचा, त्या गोदामाचा आणि गणिताचाही वीट आला होता. मी सांगितलं तेव्हा सरांनी मान हलवली. म्हणाले, बरं झालं, माह्या घशाले आता बोलणं सोसत नाई.

निकालानंतर तो आसेगावचा पोरगा कॉलेजात आला. स्टाफरूममध्ये सर आणि मी दोघेच होतो. सरांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"त्या दिवशी लबाड काहून बोलला?" सरांनी विचारलं. "माहं नाव सांगतलं असतं तं तुमी लगेच सुटले असते."

मी विषय बदलावा म्हणून पुढच्या वर्षाच्या पुस्तकांचं काढलं. पोराचं लक्ष नव्हतं.

"सर, एक सांगू का?" तो म्हणाला. "परीक्षेच्या आंधी मी थे करून पाह्यलं होतं. तिरपं. y बरोबर x घेऊन."

सरांनी मान वर केली. "मंग?"

"अर्धा आला."

"मंग लिहिलं काहून नाई?"

"मले वाटलं माहंच चुकलं असन. पुन्ना केलं, पुन्ना अर्धाच आला. मंग सोडून देलं. तुमी तं सांगतलं होतं न सर, शंका घ्यायले जागा नाई."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांना बरं वाटलं असतं. बाहेर शिपाई नव्या प्रवेशासाठी बाकं सरकवत होता.

"अन् मले येऊन इचारावं असं नाई वाटलं तुले?" सरांनी विचारलं. "इतक्या वर्षांत मी कोणाले कधी हाकललं?"

"नाई सर. तुमी कधीच नाई हाकललं."

"मंग?"

पोराने खरंच विचार केला. सरांशी तो कधी वरवरचं बोलत नसे.

"तुमाले वाईट वाटलं असतं सर," तो म्हणाला.